एकच घर, तीन वाटण्या

"विधी अभ्यासाच्या निबंधासाठी निरनिराळ्या धर्मांच्या विवाह आणि वारसा कायद्यांची तुलना करायची आहे. मांडणी कशी करावी?"

मी लातूरला वकिली करते. वारसाचे दावे चालवताना आलेल्या अनुभवावरून सांगते की धर्मनिहाय प्रकरणे पाडू नका. एकच कुटुंब घ्या आणि तेच प्रत्येक कायद्यापुढे ठेवा. समजा, एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, आई, एक मुलगा, एक मुलगी आणि ७२ लाख रुपये किमतीचे स्वकष्टार्जित घर आहे. घर वडिलोपार्जित मानले, तर हिंदू कायद्यात मुलामुलींचा जन्मसिद्ध हिस्सा आधी वेगळा काढावा लागेल. शेतजमीन मी मुद्दाम टाळली आहे, कारण १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळलेली आहे आणि तिच्यामुळे मूळ तुलना बाजूला पडते.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार चौघांना प्रत्येकी १८ लाख मिळतील. मराठवाड्यातील बौद्ध कुटुंबांनाही हाच कायदा लागू होतो. निबंधांतून हे हमखास सुटते. कुटुंब सुन्नी हनफी असेल, तर पत्नीला एक अष्टमांश म्हणजे ९ लाख आणि आईला एक षष्ठांश म्हणजे १२ लाख मिळतात. उरलेल्या ५१ लाखांतून मुलाला ३४ आणि मुलीला १७ लाख जातात. ख्रिस्ती कुटुंबात १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने पत्नीला एक तृतीयांश मिळून बाकीचे मुलांत समान वाटले जाते, म्हणजे तिघांना प्रत्येकी २४ लाख. मात्र मृताला मुले असल्यामुळे आईला काहीही मिळत नाही. केवळ मुलगा आणि मुलगी यांची तुलना करून ख्रिस्ती कायद्याला सर्वांत समन्यायी ठरवणारे विद्यार्थी या म्हातारीला विसरतात, याचे मला फार वाईट वाटते.

विवाहाचा धागा इथेच जोडा. याच मुस्लिम गृहस्थाचा विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालेला असेल, तर कलम २१ मुळे त्याचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. मुलीचे १७ लाखांचे २४ लाख होतात आणि आईचे १२ लाख जातात. निकाह आधी झालेला असला, तरी कलम १५ खाली त्याची नोंदणी करता येते आणि परिणाम तोच होतो. २०२३ मध्ये केरळमधील कासरगोड येथील एका वकिलाने आणि त्यांच्या पत्नीने आपल्या मुलींसाठी हाच मार्ग धरला, कारण फक्त मुली असतील तर सुन्नी कायद्यात उरलेला हिस्सा मृताच्या भावांकडे जाऊ शकतो. याउलट पती-पत्नी दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील, तर १९७६ मध्ये घातलेल्या कलम २१अ मुळे विशेष विवाह करूनही हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू राहतो.