वीस रुपयांची ओळ आधी वाचा

"ताई, बाबा (वय ६६) तीन आठवड्यांपूर्वी स्टेशनच्या पुलाच्या जिन्यात पाय घसरून पडले आणि गेले. दादरच्या घरी त्यांच्या बँकेची स्टेटमेंट चाळतोय. गाण्यांचं अॅप, एक मासिक, वृद्धाश्रमाला दरमहा पाचशे, मे महिन्यात कसलेसे वीस रुपये. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पासवर्ड माझ्याकडे आहे. आजच सगळं बंद करून टाकू का? हात धजत नाही."

हात धजत नाही तेच बरं आहे. पासवर्ड वापरूच नका. खातेदार गेल्यावर त्यांच्या नावाने नेटबँकिंग किंवा एटीएम चालवणं, मग हेतू कितीही चांगला असो, वारसांमध्ये आणि बँकेकडे उगाच प्रश्न उभे करतं.

आता ते वीस रुपये. त्या ओळीत PMSBY असं लिहिलंय का, बघा. असेल तर ती वर्गणी नाही, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता आहे. १ जून ते ३१ मे असं तिचं वर्ष. सत्तरीपर्यंतच्या माणसाचा अपघाती मृत्यू झाला तर दोन लाख रुपये मिळतात. हृदयविकाराने गेलेल्यांना यात काही मिळत नाही, पण तुमच्या बाबांचं जाणं अपघाती आहे. दावा शक्यतो तीस दिवसांत करायचा असतो आणि तुमचे तीन आठवडे उलटलेत, म्हणून उद्याच ज्या शाखेतून हप्ता कापला तिथे जा. मृत्यूचा दाखला, लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा किंवा एफआयआर, शवविच्छेदनाचा अहवाल आणि नॉमिनीचं ओळखपत्र लागेल. योजनेच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून आईचं नाव असेल तर सहीही त्यांचीच हवी. एखादा कागद मिळायला उशीर होत असेल तरी दाव्याचा अर्ज आधी देऊन पोच घ्या.

स्टेटमेंट निदान एका पूर्ण वर्षाचं वाचा. वर्षातून एकदाच कापले जाणारे हप्ते तीन महिन्यांच्या कागदात दिसतीलच असं नाही.

बँकेला मृत्यूची लेखी खबर दिली की खात्यातून होणारी कपात थांबते, एकेक अॅप शोधत बसावं लागत नाही. मात्र घरचं वीजबिल, गॅसचं बिल त्याच खात्यातून जात असेल तर ते आधी तुमच्या खात्याकडे वळवा, नाहीतर आईच्या दारात थकबाकीची नोटीस यायची. बाबांचं सिमही एवढ्यात बंद करू नका. पैसे कापले जाण्याआधीचे मेसेज त्याच नंबरवर येतात, आणि कुठे काय चालू आहे ते त्यावरूनच कळेल.

वृद्धाश्रमाला मात्र तुम्ही स्वतः फोन करा. दरमहाचे पाचशे अचानक बंद झाले, तर त्यांना कारण कळायला हवं. बाबा कधीपासून देत होते, ते विचारा. कदाचित तिथे एखादं माणूस त्यांना ओळखत असेल, आणि आईला ते ऐकायला आवडेल. पुढे द्यायचे असतील तर तुमच्या खात्यातून द्या, पावती तुमच्या नावाची घ्या. मासिक मात्र त्याची वर्गणी संपेपर्यंत येऊ द्या.