एचआरला पुढे पाठवता येईल असा मेल

प्रिय,

इंटर्नशिपसाठी त्रेचाळीस कंपन्यांना पाठवलेला तुझा मेल वाचला. ‘आपल्या नामांकित कंपनीत संधी मिळाल्यास मी आपला ऋणी राहीन’ इथपर्यंत आले आणि पुढचं न वाचताच सांगता आलं असतं, की यात ‘हार्ड वर्किंग’ आणि ‘टीम प्लेयर’ असणार. होतंच. गंमत म्हणजे परवा फोनवर तू मला लेथवरच्या त्या बुशची गोष्ट सांगितलीस, आणि तीच नेमकी मेलमध्ये नाही.

मी एवढी वर्षं मशिन शॉप सांभाळते, तर असा मेल आत आल्यावर त्याचं काय होतं ते आधी सांगते. वेबसाइटवरच्या पत्त्यावर आलेला मेल एचआरमधलं कुणीतरी उघडतं. त्या माणसाला हजेरी, कागदपत्रं, पगार यातलं सगळं कळतं, पण तुला आमच्याकडे काय काम देता येईल हे तो ठरवू शकत नाही. त्याला आमच्यापैकी कुणालातरी विचारावं लागतं, आणि विचारायचं म्हणजे तुझाच मेल पुढे पाठवायचा. मी तो मोबाईलवर, मशिनच्या आवाजात, उभ्याउभ्या वाचते. माझे प्रश्न तीनच असतात. कधीपासून कधीपर्यंत? हाताला काय येतं? आणि याला सांभाळायला माझा एखादा माणूस किती अडकेल? यांची उत्तरं मेलमध्ये नसली, तर एचआरला तुला उलट लिहून विचारावं लागतं. तेवढी तसदी अनोळखी मुलासाठी सहसा कुणी घेत नाही. नकार कुणी देत नाही, मेल नुसता पडून राहतो.

म्हणजे तुझा मेल एचआरने काही न जोडता पुढे पाठवावा, असा हवा. सुरुवात विषयाच्या ओळीपासून. ‘इंटर्नशिपसाठी अर्ज’ या नावाचे ढीगभर मेल येतात. त्याऐवजी असं लिही: ‘इंटर्नशिप, डिप्लोमा मेकॅनिकल, मशिन शॉप, 1 जून ते 12 जुलै’. मेल न उघडताच पहिला प्रश्न सुटला.

आता आतला मजकूर. तू फोनवर सांगितलंस त्यावरून मी असा लिहिला असता:

‘नमस्कार,

मी डिप्लोमा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 1 जून ते 12 जुलै असे सहा आठवडे तुमच्या मशिन शॉपमध्ये इंटर्नशिप करण्याची इच्छा आहे. पंपाचे शाफ्ट तुम्ही स्वतःच टर्न करता असं तुमच्या वेबसाइटवर वाचलं, म्हणून लिहीत आहे.

कॉलेजच्या लेथवर मी 25 मिमी व्यासाचे 20 बुश केले, टॉलरन्स ±0.05 मिमी. त्यातले 6 बाद झाले. सगळे शेवटचे होते आणि सगळ्यांचा बाहेरचा व्यास जास्त भरला. टूलची धार झिजत होती आणि मध्ये मोजमाप घेतलं नव्हतं. पुन्हा 20 केले तेव्हा दर पाचवा नग मायक्रोमीटरने तपासून टूल पुढे घेतलं. त्या वेळी 1 बाद झाला.

व्हर्नियर, मायक्रोमीटर वापरता येतो, साधं ड्रॉइंग वाचता येतं. सीएनसी चालवलेलं नाही. कॉलेजचं पत्र दोन दिवसांत देता येईल. रेझ्युमे जोडला आहे.

हा मेल मशिन शॉपच्या प्रमुखांकडे पाठवाल का?’

खाली नाव आणि फोन नंबर. बस.

बाद झालेले सहा लिहायला तू कचरशील. तेच राहू दे. धार झिजली की टूल कमी कापतं आणि बाहेरचा व्यास वाढत जातो, हे लेथवर उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. ते वाचून मला कळतं की हे पोर खरंच मशिनजवळ होतं. थापा मारणाऱ्याने वीसच्या वीस चांगले आले असं लिहिलं असतं. ‘सीएनसी चालवलेलं नाही’ या वाक्याचाही उपयोग आहे. मी तुला पहिल्या दिवसापासून तपासणीच्या टेबलावर बसवू शकते हे मला तिथेच ठरवता येतं, म्हणजे माझा तिसरा प्रश्नही सुटतो.

पंपाच्या शाफ्टचं वाक्य मात्र प्रत्येक कंपनीसाठी वेगळं लिहावं लागेल, आणि त्यासाठी त्यांची वेबसाइट दहा मिनिटं खरोखर वाचावी लागेल. म्हणून त्रेचाळीस एकदम नकोत, दिवसाला तीन पुरे. तू सगळे पत्ते एकाच मेलच्या ‘To’ मध्ये टाकले होतेस. प्रत्येक कंपनीला उरलेल्या बेचाळीस दिसल्या असणार. कॉपी-पेस्ट करताना आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहून जातं, तेही पाठवण्याआधी बघ. मला एकदा दुसऱ्याच कंपनीचं भरभरून कौतुक करणारा मेल आला होता. शॉपमध्ये आठवडाभर करमणूक झाली, इंटर्नशिप काही मिळाली नाही.

रेझ्युमे पीडीएफमध्ये, एका पानाचा, मेललाच जोडलेला. तू ड्राइव्हची लिंक दिली होतीस, ती मी उघडली तर परवानगी मागत होती. फाइलचं नाव ‘रेझ्युमे फायनल 2’ असं न ठेवता त्यात तुझं नाव आणि शाखा घाल, कारण ती आमच्याकडे इतरांच्या फायलींमध्ये जाऊन बसते.

पाठवल्यावर पाच मिनिटांनी इनबॉक्स बघ. ‘Address not found’ असा मेल परत आला असेल तर पत्ता चुकला आहे. तो नकार नव्हे, तुझं पत्र तिथे पोचलेलंच नाही. पोचलं आणि आठवडाभर उत्तर नाही, तर सेंटमध्ये जाऊन त्याच मेलला रिप्लाय कर, म्हणजे जुना मजकूर खाली राहील. दोन ओळी पुरेत: तारखा त्याच आहेत, जागा आहे का. हे एकदाच. त्यानंतर कंपनीच्या नंबरवर फोन करून ‘इंटर्नशिपचं कोण बघतं?’ एवढंच विचार. नाव मिळालं तर तोच मेल त्या व्यक्तीला नावाने पाठव. छोट्या कारखान्यात बहुधा मालकच मेल वाचतो, तिथे ही मधली पायरी नसते. म्हणून यादीत छोटे कारखाने जास्त ठेव.

एवढं करूनही बरेच जण गप्पच राहतील. कधी सुरक्षेच्या नियमांमुळे बाहेरच्या मुलांना शॉपवर घेता येत नाही, कधी शिकवायला मोकळा माणूस नसतो. ते तुझ्या मेलवरून तुला कळणार नाही, त्यावर डोकं शिणवू नकोस. स्टायपेंडचा विषय पहिल्या मेलमध्ये नको. ‘या’ म्हणाले की रुजू होण्याआधी सरळ विचार. आणि कुणी उलट तुझ्याकडेच नोंदणीचे पैसे मागितले, तर तिथे पुन्हा लिहू नकोस.

ते बाद झालेले बुश भंगारात गेले नसतील तर एक मागून घे. भेटायला बोलावलं तर खिशात घालून ने. आमच्यापैकी कुणीही असलं तरी आधी तो हातात घेईल आणि मायक्रोमीटर शोधेल.

तुझी,
ताई