क्रिएटिव्ह थकलंय की नवी माणसं संपलीत? रीच-फ्रिक्वेन्सीत हे कसं ओळखायचं

प्रश्न: चार आठवड्यांत कॅम्पेनची फ्रिक्वेन्सी ४.४ वर गेली आणि सीटीआर, म्हणजे जाहिरात पाहून क्लिक करण्याचं प्रमाण, घसरतोय. क्रिएटिव्ह आता बदलायलाच हवं का? किती फ्रिक्वेन्सीला बदलायचं, याचा काही ठरलेला आकडा असतो का?

उत्तर:

ठरलेला आकडा नाही. ४.४ म्हणजे एका माणसाने जाहिरात किती वेळा पाहिली याची सरासरी आहे आणि या कामात सरासरीच सगळ्यात जास्त फसवते. मी मीडिया प्लॅनिंगमध्ये आहे आणि तुमच्यासारखंच एक कॅम्पेन मी सांभाळलं आहे. ऑनलाइन कोर्सच्या नोंदणीसाठीची एकच व्हिडिओ जाहिरात होती. तेच उदाहरण उलगडून दाखवतो. हिशोब सोपा पडावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

दर आठवड्याला ६ लाख इम्प्रेशन्स जात होती, म्हणजे जाहिरात ६ लाख वेळा दिसत होती. चार आठवड्यांत २४ लाख इम्प्रेशन्स झाली आणि एकूण रीच, म्हणजे ती निदान एकदा पाहणाऱ्या माणसांची संख्या, ५ लाख ४० हजार होता. भागाकार केला की फ्रिक्वेन्सी ४.४. टीममध्ये सगळ्यांना हा आकडा ठीकठाक वाटत होता. मग आम्ही फ्रिक्वेन्सीचं वाटप काढलं, म्हणजे किती माणसांनी जाहिरात किती वेळा पाहिली ते. १ लाख ९० हजार जणांनी ती एकदाच पाहिली होती. २ ते ३ वेळा पाहणारे १ लाख ६० हजार होते आणि ४ ते ७ वेळा पाहणारे १ लाख १० हजार. उरलेल्या ८० हजार जणांनी ती ८ किंवा त्याहून जास्त वेळा पाहिली होती. या ८० हजारांच्या वाट्याला साडेबारा लाखांच्या आसपास इम्प्रेशन्स गेली होती, म्हणजे सरासरी १५-१६ वेळा. अर्ध्याहून जास्त बजेट जेमतेम १५ टक्के माणसांवर खर्च होत होतं आणि एक तृतीयांशाहून जास्त लोकांना जाहिरात एकदाच दिसली होती. ४.४ वेळा पाहणारा माणूस असा कुठे नव्हताच.

म्हणून तुमच्या प्लॅटफॉर्मवर वाटप मिळत असेल तर आधी ते काढा. मिळत नसेल तर दुसरा आकडा तुम्हाला स्वतः काढता येतो, आणि मला तो जास्त उपयोगी वाटतो: या आठवड्यातली किती इम्प्रेशन्स पहिल्यांदाच पाहणाऱ्या माणसांना गेली. त्यासाठी कॅम्पेन सुरू झाल्यापासूनचा एकूण रीच दर आठवड्याच्या शेवटी लिहून ठेवायचा. या आठवड्याच्या एकूण रीचमधून मागच्या आठवड्याचा वजा करायचा आणि उत्तराला या आठवड्याच्या इम्प्रेशन्सनी भागायचं. एक चूक मात्र टाळा. रोजचा किंवा आठवड्याचा रीच एक्सेलमध्ये बेरीज करून एकूण रीच मिळत नाही, कारण सोमवारी पाहिलेला माणूस गुरुवारी पुन्हा मोजला जातो. एकूण रीच दर वेळी पहिल्या दिवसापासूनची तारीख निवडूनच काढायचा.

आमचा एकूण रीच चार आठवड्यांत ३ लाख, ४ लाख ४० हजार, ५ लाख १० हजार आणि ५ लाख ४० हजार असा सरकला. म्हणजे पहिल्या आठवड्यात निम्मी इम्प्रेशन्स नव्या माणसांना गेली. दुसऱ्या आठवड्यात हे प्रमाण २३ टक्के झालं, तिसऱ्यात १२ आणि चौथ्यात फक्त ५ टक्के. सीटीआर याच वाटेने उतरला: १.२, १.१, ०.९, ०.७ टक्के. आठवड्याची फ्रिक्वेन्सी तेवढ्या काळात २ वरून जेमतेम २.७ झाली होती. फक्त तिच्याकडे पाहत बसलो असतो तर काहीच कळलं नसतं.

तरीही सीटीआर पडला म्हणजे जाहिरात थकली, असं लगेच म्हणू नका. आधी खर्चाची फोड करा. एका नोंदणीचा खर्च तीन गोष्टींवर ठरतो: सीपीएम म्हणजे हजार इम्प्रेशन्सचा खर्च, सीटीआर आणि लँडिंग पेजवर आलेल्यांपैकी नोंदणी करणाऱ्यांचं प्रमाण. सीपीएम वर गेला आणि सीटीआर जागेवर असेल, तर जाहिरातीच्या जागेच्या लिलावात बहुधा स्पर्धा वाढली आहे. तिथे नवं क्रिएटिव्ह बनवून पैसे घालवू नका. सीटीआर जागेवर आणि नोंदणीचं प्रमाण खाली असेल, तर पेज किंवा ऑफर तपासा. आमच्याकडे सीपीएम ४ टक्क्यांनी वाढला होता आणि पेजवरचं प्रमाण ३ टक्क्यांवर स्थिर होतं. सगळी पडझड सीटीआरमध्ये होती. पहिल्या आठवड्याचा खर्च १०० धरला तर चौथ्या आठवड्यात तो १७८ झाला.

इथे एक सांगायला हवं. मेटावर डिलिव्हरीच्या रकान्यात `Creative limited` आणि `Creative fatigue` अशा सूचना येतात. तुमच्या आधीच्या जाहिरातींच्या मानाने एका रिझल्टचा खर्च दुप्पट किंवा जास्त झाला की दुसरी सूचना येते, त्याच्या आत असेल तर पहिली. म्हणजे १७८ ला सुद्धा तुम्हाला सौम्य सूचनाच दिसणार. दुसऱ्या सूचनेची वाट पाहायची म्हणजे दुप्पट खर्च होऊ द्यायचा.

आता मुख्य प्रश्न. जाहिरात थकली आहे, की ती पाहणारी माणसं तीच तीच आहेत? रिपोर्टमधून हे पक्कं कळत नाही. कारण प्लॅटफॉर्म सुरुवातीलाच प्रतिसाद देण्याची शक्यता असलेली माणसं वेचून घेतो. उशिरा पोचलेली माणसं मुळातच कमी उत्सुक असतात, आणि त्यांच्यामुळे पडलेला सीटीआर जाहिरातीच्या माथी मारला जातो. दहा वेळा पाहणाऱ्यांची तुलना दोन वेळा पाहणाऱ्यांशी करूनही नीट उत्तर मिळत नाही. दहा वेळा पाहणारा माणूस मुळात दिवसभर अॅपवर असणारा असतो, तो वेगळाच प्रेक्षक आहे.

आम्ही पाचव्या आठवड्यात बजेटचा छोटा भाग काढून दोन चाचण्या एकाच वेळी चालवल्या. जुनी जाहिरात अशा भागात लावली जिथे ती आधी गेलीच नव्हती, आणि नवी जाहिरात जुन्याच प्रेक्षकांना दाखवली. जुन्या जाहिरातीला नव्या भागात १.१५ टक्के सीटीआर मिळाला. नव्या जाहिरातीला जुन्या प्रेक्षकांत १.०५ मिळाला. जुनी जाहिरात जुन्या प्रेक्षकांत तोवर ०.६५ वर आली होती. म्हणजे जाहिरात वाईट नव्हती आणि जुन्या प्रेक्षकांतला रसही संपला नव्हता, त्यांना तेच तेच बघायचा कंटाळा आला होता. दोन्ही चाचण्या पडल्या असत्या, तर दोष ऑफरमध्ये किंवा बाजारात शोधावा लागला असता.

नवी जाहिरात म्हणजे काय बनवली, हे सांगायलाच हवं. कारण इथे बहुतेक टीम बटणाचा रंग आणि मागचं संगीत बदलून ‘रिफ्रेश’ झालं म्हणतात. आम्ही ३ सेकंद पाहणाऱ्यांचं प्रमाण काढलं. पहिल्या आठवड्यात १०० इम्प्रेशन्समागे ३१ जण ३ सेकंद थांबत होते, चौथ्यात १९. मग सीटीआरला या प्रमाणाने भागलं. जे ३ सेकंद थांबले, त्यांच्यातले क्लिक करणारे आधी ३.९ टक्के होते आणि नंतर ३.७. हा आकडा जवळपास हललाच नव्हता! जाहिरातीतलं म्हणणं लोकांना अजून पटत होतं. फक्त पहिलं दृश्य ओळखीचं झालं होतं, आणि ते दिसताच अंगठा पुढे सरकत होता. म्हणून पूर्ण व्हिडिओ नव्याने शूट न करता आम्ही त्याच व्हिडिओला तीन वेगळ्या सुरुवाती कापल्या: वेगळा चेहरा, वेगळी चौकट, वेगळं पहिलं वाक्य. वरच्या चाचणीतली नवी जाहिरात यांतलीच होती. उलट ३ सेकंदांचं प्रमाण टिकून पुढचं पडलं असतं, तर सुरुवात तशीच ठेवून आतला मुद्दा बदलायला लागला असता.

कधी बदलायचं, हे ठरवताना मी मागून मोजतो. आमच्याकडे ब्रीफ दिल्यापासून जाहिरात लाइव्ह जाईपर्यंत १० ते १२ दिवस लागतात. म्हणून मी दोन वेगळ्या वेळा धरतो. नव्या माणसांचं प्रमाण २५ टक्क्यांखाली गेलं की काम सुरू करायचं, सीटीआर तेव्हा फारसा पडलेला नसला तरी. या कॅम्पेनमध्ये ती वेळ दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आली होती आणि आम्ही ती चुकवली. तेव्हाच ब्रीफ दिलं असतं तर नवी सुरुवात चौथ्या आठवड्यातच तयार मिळाली असती. प्रत्यक्ष अदलाबदल मात्र खर्चावर करायची: एका रिझल्टसाठी तुम्हाला परवडणारी मर्यादा लागोपाठ दोन आठवडे ओलांडली गेली की. २५ टक्के हा माझ्या कामातून बसलेला आकडा आहे. तुमच्या दोन-तीन जुन्या कॅम्पेनचे एकूण रीच काढून पाहिलेत तर तुमचा आकडा सापडेल.

दोन आठवडे का, तर छोट्या संख्या उगाच घाबरवतात. आठवड्याला ४० नोंदण्या येत असतील, तर काहीही न बदलता त्या ३४ किंवा ४६ होणं अगदी साधी गोष्ट आहे. तेवढ्यावरून चालू जाहिरात काढू नका. क्लिक हजारांत असतात, म्हणून घसरण आधी सीटीआरमध्ये बघायची आणि नोंदण्यांवरून तिची खात्री करायची.

बदलताना जुन्या जाहिरातीतच फेरफार करू नका. तिचे जमलेले लाइक-कमेंट जातात आणि तुलनेसाठी जुना आकडाही उरत नाही. नवी वेगळी जाहिरात टाका. मेटावर चालू अॅड सेटमध्ये नवी जाहिरात टाकली तरी लर्निंग, म्हणजे ती कुणाला दाखवायची हे प्लॅटफॉर्मचं शिकणं, पुन्हा सुरू होऊ शकतं, त्यामुळे पहिल्या काही दिवसांचा खर्च बघून निकाल लावू नका. आणि तोच व्हिडिओ तीन अॅड सेटमध्ये चालत असेल, तर प्रत्येक ठिकाणी फ्रिक्वेन्सी २ दिसेल आणि त्याच माणसाने तो ६ वेळा पाहिलेला असू शकेल. तुमच्या ४.४ मागेही असं काही आहे का ते तपासा, आकडा कॅम्पेनचा आहे की एकाच अॅड सेटचा.

रीटार्गेटिंगला, म्हणजे आधी तुमच्याकडे येऊन गेलेल्यांना पुन्हा जाहिरात दाखवण्याला, हे सगळं जसंच्या तसं लावू नका. तिथे प्रेक्षक छोटा आणि ठरलेला असतो, त्यामुळे नव्या माणसांचं प्रमाण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच तळाला जातं आणि त्यातून काही कळत नाही. तिथे मी फक्त रिझल्टमागचा खर्च आणि ‘ही जाहिरात लपवा’ म्हणणाऱ्यांची संख्या बघतो, आणि तीन-चार क्रिएटिव्ह पहिल्या दिवसापासून आलटून पालटून चालवतो.