जुना पेपर सोडवताना n कसा घालवायचा

आरएमओ म्हणजे प्रादेशिक गणित ऑलिंपियाडचे जुने पेपर एका बैठकीत संपवू नकोस. एक प्रश्न घे आणि तासभर तरी उत्तर उघडू नकोस. 1959 च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधला पहिलाच प्रश्न बघ: (21n+4)/(14n+3) हा अपूर्णांक कोणत्याही नैसर्गिक n साठी संक्षिप्त होत नाही, हे सिद्ध करा.

आधी n = 1, 2 घालून बघ: 25/17, 46/31. खरंच भाग जात नाही. पण दहा किमती तपासून ‘म्हणून सिद्ध’ लिहिलंस, तर ती सिद्धता होत नाही. इथे अडचण n ची आहे, म्हणून त्यालाच घालवायचं. सामाईक विभाजक d असेल, तर तो 3(14n+3) − 2(21n+4) यालाही भागेल. ही वजाबाकी 1 येते, म्हणजे d = 1.

खरा अभ्यास यानंतर सुरू होतो. 4 च्या जागी 7 घाल. आता वजाबाकी −5 येते, म्हणजे 5 ने भाग जाऊ शकतो. कधी जातो? n = 3 घाल: 70/45. अशा बाकीच्या किमती तूच शोध.