मणक्याचा टीबी: ऑपरेशन की गोळ्या?

प्रश्न: आईच्या (५२) पाठीचे दोन मणके टीबीने खाल्लेत असं एमआरआयमध्ये आलंय. ठाण्यातले डॉक्टर फक्त गोळ्या म्हणतात. ऑपरेशन नको का?

उत्तर: चालता येतंय, लघवीवर ताबा आहे, तर बहुधा नको. हा टीबी दोन मणक्यांमधल्या चकतीलगत सुरू होतो आणि मणक्यांचा पुढचा भाग पोखरतो. मागची कमान शाबूत राहते, म्हणून पाठ पुढे वाकते आणि कुबड येतं. ते किती वाढतंय हे एमआरआयवरून नव्हे, उभं राहून काढलेल्या बाजूच्या एक्स-रेवरून मोजा. एमआरआय तर औषधं लागू पडत असतानाही सुरुवातीला बिघडलेला दिसू शकतो, घाबरू नका.

नेहमीचा कोर्स म्हणजे २ महिने चार औषधं, मग पायराझिनामाइड बंद करून १० महिने तीन; कधी त्याहून लांबतो. बायोप्सीचा नमुना सीबीनॅटला, म्हणजे टीबीचा जंतू रिफाम्पिसिनला दाद देतो का हे बघणाऱ्या चाचणीला, गेला होता का, हे मात्र विचारा. चार औषधांतल्या या रिफाम्पिसिनला जंतू दाद देत नसेल तर या गोळ्या पुरणार नाहीत.

जिन्यावर पाय अडखळणं, चप्पल नकळत निसटणं, लघवी तुंबणं यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. तेव्हा, किंवा कुबड झपाट्याने वाढलं तर, ऑपरेशनचा विचार होतो.