ट्रेडमिलच्या व्हिडिओवरून केडन्स आणि पाऊल कसं मोजायचं?

प्रश्न: जळगावच्या उन्हात मैदानावर जाणं होत नाही, म्हणून भरतीसाठी जिममध्ये ट्रेडमिलवर पळतोय. मित्रानं बाजूनं व्हिडिओ काढला. एक म्हणतो टाच आधी पडते, दुसरा म्हणतो मिडफूट. या व्हिडिओतून केडन्स आणि पाऊल दोन्ही कळेल का?

उत्तर: भाऊ, केडन्स, म्हणजे मिनिटाला किती पावलं पडतात ते, कळेल; पाऊल, म्हणजे पायाचा कोणता भाग आधी टेकतो ते, बहुधा नाही. मोबाईल साध्या सेटिंगला सेकंदाला ३० फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर. टाच टेकून तळवा सपाट व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे टाच टेकल्याचा क्षण कधी सापडतो, कधी हरवतो. तुमच्या मित्रांनी वेगवेगळी पावलं थांबवून पाहिली असतील, म्हणून वाद.

केडन्ससाठी कॅमेऱ्याकडचा एकच पाय धरा. त्याचं पहिलं टेकणं शून्य मोजायचं, एक नाही. बहुतेकांची चूक इथंच होते. समजा शून्यावं टेकणं ५२व्या फ्रेमला आणि विसावं ४८३व्या फ्रेमला आलं. ४३१ फ्रेम भागिले ३० म्हणजे १४.३७ सेकंद. तेवढ्यात दोन्ही पायांची मिळून ४० पावलं, म्हणजे मिनिटाला १६७. दोन्ही टोकांना एकेक फ्रेम चुकली तरी फरक एका पावलाच्या आतच राहतो.

पावलासाठी मात्र २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये नव्यानं शूट करा. मोबाईल पट्ट्याच्या उंचीवर, दोन-अडीच मीटर लांब, पट्ट्याला अगदी काटकोनात ठेवा. तिरपा ठेवला तर कोन खोटा येतो. ट्यूबलाईटखाली चित्र लुकलुकतं, म्हणून खिडकीजवळचं मशीन बघा. (याच फाईलवरून केडन्स काढून २१ आला तर घाबरू नका, व्हिडिओ आठपट हळू चाललाय.)

बुटाच्या बाहेरच्या बाजूला टाचेजवळ आणि करंगळीच्या मुळाशी पांढऱ्या टेपचे दोन तुकडे लावा. आधी त्याच पट्ट्यावर, पळताना असेल त्याच चढावर स्थिर उभं राहून एक फ्रेम घ्या आणि दोन टेप जोडणाऱ्या रेषेचा कोन मोजा. मग बूट पट्ट्याला पहिल्यांदा टेकतो त्या फ्रेममधला कोन मोजून त्यातून उभ्याचा कोन वजा करा. बुटाची टाच जाड असते, म्हणून ही वजाबाकी टाळू नका. उभं असताना रेषा चवड्याकडे ५ अंश खाली आणि टेकताना ७ अंश वर असेल, तर उत्तर १२. ऑल्टमन आणि डेव्हिस यांच्या २०१२ च्या पद्धतीत ८ अंशांपेक्षा जास्त म्हणजे टाच, उणे १.६ ते ८ म्हणजे मिडफूट, त्याखाली चवडा. म्हणजे १२ ही स्पष्ट टाच. दहा पावलांचे आकडे चढत्या क्रमानं लावा आणि मधल्या दोन आकड्यांची सरासरी धरा. ती ७-८ च्या आसपास आली तर नाव देत बसू नका, मोजमापातच एक-दोन अंश इकडेतिकडे होतात.

शूटिंग पाच-सहा मिनिटं पळून झाल्यावर करा. आणि ट्रेडमिलवर पाऊल बरेचदा मैदानापेक्षा सपाट पडतं, तेव्हा १६०० मीटरसाठी पावलाचा आकडा हवा असेल तर पहाटे मैदानावर एकदा हेच शूटिंग करा.