सहा आठवडे, चार आठवडे आणि एक क्रियाविशेषण

प्रश्न: फ्रेंच शिकताना इंग्रजीसारखे दिसणारे पण भलताच अर्थ असलेले शब्द सारखे फसवतात. अशा शब्दांची चांगली यादी कोणती आणि ते लक्षात कसे ठेवावेत?

उत्तर: यादी मी देत नाही. ती तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या मागे असेलच आणि तशी यादी तोंडपाठ असूनच मी नोकरीच्या पहिल्या वर्षी अशी फसले की ते पत्र मला आजही शब्दशः आठवते. फ्रेंच शब्द खाली देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जाईल असे लिहिले आहेत.

आमच्या कंपनीला फ्रान्समधून एक यंत्र मागवायचे होते. ऑर्डर देण्यापूर्वी आम्ही माल कधी मिळेल अशी विचारणा केली आणि पुरवठादाराचे दोन वाक्यांचे उत्तर आले. पहिल्या वाक्यात 'देले द लिव्हरेझाँ' हा शब्दप्रयोग होता, 'अक्त्युएलमाँ' हे क्रियाविशेषण होते आणि सहा आठवड्यांचा आकडा होता. दुसऱ्या वाक्यात 'नू पुराँ एव्हाँत्युएलमाँ लिव्हरे' असे म्हणून चार आठवड्यांचा उल्लेख केला होता. विभागात फ्रेंच येणारी मी एकटीच असल्यामुळे पत्र माझ्या टेबलावर आले आणि मी दहा मिनिटांत साहेबांसाठी त्याचे भाषांतर करून टाकले: 'माल पोचवण्यास प्रत्यक्षात सहा आठवड्यांचा विलंब होत आहे, अखेरीस मात्र आम्ही चार आठवड्यांत माल देऊ शकू.'

साहेबांनी कागद वाचला, पहिल्या वाक्याशी थांबले आणि विचारले, "अहो, ऑर्डर अजून दिलीच नाही, तर विलंब कसला?" मी शब्दकोश काढला. फ्रेंच 'देले' म्हणजे एखाद्या कामासाठी लागणारा किंवा दिलेला कालावधी. इंग्रजीतल्या 'डिले'ला फ्रेंचमध्ये 'रतार' म्हणतात. मी ओशाळले, 'विलंब' खोडून 'कालावधी' लिहिले आणि कागद पुन्हा त्यांच्या हाती दिला. 'प्रत्यक्षात' हा शब्द तसाच राहिला आणि 'अखेरीस'ही तसाच राहिला. चार आठवड्यांचे वचन मिळाले आहे असे धरून साहेबांनी पुढच्या ग्राहकाला तारीख देऊन टाकली.

चौथा आठवडा संपला तरी यंत्र आले नाही, तेव्हा फोन करण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. पलीकडच्या बाईंनी माझी तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच म्हटले की, "मादाम, आम्ही 'एव्हाँत्युएलमाँ' असे लिहिले होते." या शब्दाचा अर्थ 'जमल्यास', 'तशी वेळ आल्यास', 'कदाचित' असा होतो. इंग्रजीतल्या 'इव्हेंच्युअली'मध्ये गोष्ट उशिरा का होईना, पण घडते. फ्रेंच शब्दात ती घडेलच याची कसलीही हमी नसते. 'अक्त्युएलमाँ' म्हणजे 'प्रत्यक्षात' नव्हे, तर 'सध्या'. पत्राचा खरा मजकूर असा होता: 'माल पोचण्यास सध्या सहा आठवडे लागतात, जमल्यास चार आठवड्यांतही देऊ शकू.' यंत्र सहाव्या आठवड्यात, म्हणजे त्यांच्या मते अगदी वेळेवर आले. आमच्या ग्राहकाच्या मते ते दोन आठवडे उशिरा आले आणि त्याची बोलणी मी खाल्ली.

आता यातली खरी गोम पाहा. एकाच पत्रात माझ्या तीन चुका होत्या. त्यांपैकी एक, फ्रेंच मुळीच न येणाऱ्या साहेबांनी पकडली आणि उरलेल्या दोन मला, म्हणजे फ्रेंच येणाऱ्या बाईला, दिसल्याही नाहीत. 'विलंब' पकडला गेला, कारण त्याने वाक्याचा अर्थच बिघडला होता. 'अखेरीस' सुटला, कारण चुकीचा अर्थ घेऊनही वाक्य अगदी शहाणे वाटत होते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, फसव्या शब्दांची वर्गवारी ते किती मजेशीर आहेत यावरून न करता, चुकीचा अर्थ घातल्यावर वाक्य तग धरते की नाही यावरून करावी. तग न धरणारे शब्द बिनधोक असतात, कारण ते आपली चूक आपणच ओरडून सांगतात.

शिकवले मात्र नेमके हेच बिनधोक शब्द जातात. आमच्या वर्गातले सर दर वर्षी 'प्रेझर्व्हातिफ'चा किस्सा सांगत: अन्न टिकवणाऱ्या पदार्थाबद्दल चौकशी करायला गेलेला विद्यार्थी कंडोमबद्दल विचारून बसतो आणि सगळे हसतात. (अन्नातल्या त्या पदार्थाला 'काँसेर्व्हातर' म्हणतात, ते सांगायचे मात्र सर हमखास विसरत.) ही चूक आयुष्यात एकदाच होते आणि समोरचा माणूस ती तिथल्या तिथे दुरुस्त करतो. 'एव्हाँत्युएलमाँ'ची चूक कोणीही दुरुस्त करत नाही, कारण ती झाली आहे हेच कोणाला कळत नाही. त्या शब्दासाठी सरांनी वर्षभरात अर्धा मिनिटही दिला नव्हता.

अर्थ असे का फिरले हे एकदा कळले की पाठांतराचे निम्मे ओझे उतरते. 'एव्हाँत्युएलमाँ' आणि 'इव्हेंच्युअली' यांच्या मुळाशी लॅटिन 'एव्हेंतुस' आहे. त्याचा अर्थ घटना किंवा परिणाम. फ्रेंचने त्यातली अनिश्चितता उचलली, म्हणजे घटना घडली 'तर'. इंग्रजीने शेवट उचलला, म्हणजे घटनाक्रमाच्या 'अखेरीस'. 'अक्त्युएलमाँ' आणि इंग्रजी 'अ‍ॅक्च्युअली' यांच्या मुळाशी लॅटिन 'आक्तुस' म्हणजे कृती, याचेही तसेच झाले: कृती आत्ता चालू आहे म्हणून फ्रेंचमध्ये 'सध्याचे', कृतीत उतरले आहे म्हणून इंग्रजीत 'खरोखरचे'. दोन्ही वाटा तर्कशुद्ध आहेत. फक्त त्या दोन दिशांना जातात.

लक्षात ठेवण्याचा माझा उपाय एकच आहे आणि तो त्याच सरांना मुळीच पसंत नव्हता. फ्रेंच शब्दाचा अर्थ इंग्रजीत लिहू नका, थेट मराठीत लिहा. मी वहीच्या समासात मराठी अर्थ लिहीत असे, तेव्हा सर भर वर्गात म्हणत, "इंग्रजी येते ना? मग अर्धे फ्रेंच आलेच! हा द्राविडी प्राणायाम कशाला?" मी लाजून समास कोरा ठेवू लागले आणि त्या कोऱ्या समासाची किंमत पुढे त्या पत्रात मोजली. वस्तुतः द्राविडी प्राणायाम इंग्रजीमार्गे जाण्यातच आहे. 'एव्हाँत्युएलमाँ' समोर 'जमल्यास' लिहिले असते, तर 'इव्हेंच्युअली'ला मध्ये तोंड खुपसायला जागाच उरली नसती. शिवाय फसवणूक होते ती बहुतांशी डोळ्यांची. रोमन लिपीत हे दोन शब्द जुळ्या भावांसारखे दिसतात, पण देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहून पाहा, ते चुलत भाऊही वाटत नाहीत. म्हणून माझ्या कार्डाच्या एका बाजूला उच्चार देवनागरीत असतो, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ आणि त्याखाली एक पूर्ण वाक्य.

मराठी आणि हिंदीतही असे शब्द आहेतच. 'शिक्षा मंत्री' हे हिंदी शब्द वाचून आपल्याला दंड ठोठावणारा मंत्री आठवत नाही, कारण हिंदी आपण मराठी प्रतिशब्दांच्या यादीतून शिकलो नाही, वाक्यांतून ऐकली.

कार्डावर सुटा शब्द कधीच लिहू नये, याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'आसिस्ते'. या शब्दापुढे 'आ' हे अव्यय येऊन मग सभा, समारंभ, नाटक असे काही आले, तर त्याचा अर्थ 'हजर राहणे' असा होतो. अव्यय नसेल आणि पुढे थेट माणूस असेल, तर अर्थ इंग्रजीसारखाच, म्हणजे 'साहाय्य करणे'. हा शब्द पूर्ण फसवा नाही, अर्धाच आहे आणि म्हणूनच अधिक त्रासदायक आहे. आता 'मी सभेला अटेंड केले' हे फ्रेंचमध्ये सांगताना 'अताँद्र' वापरलात, तर तुम्ही सभेची वाट पाहिली असा अर्थ होतो, कारण 'अताँद्र' म्हणजे वाट पाहणे. ही साखळी मी एकाच कार्डावर ठेवते: वाट पाहणे 'अताँद्र', हजर राहणे 'आसिस्ते आ', मदत करणे 'एदे'. एकच कडी पाठ केली की उरलेल्या दोन कड्या फ्रेंच बोलताना दगा देतात. त्याच न्यायाने 'अक्त्युएलमाँ'च्या कार्डाखाली 'खरे पाहता' यासाठी 'आँ फे' आणि 'एव्हाँत्युएलमाँ'च्या कार्डाखाली 'अखेरीस' यासाठी 'फिनालमाँ' लिहून ठेवा.

कामाच्या पत्रात आणखी एका क्रियाविशेषणावर नजर ठेवा, ते म्हणजे 'देफिनितिव्हमाँ'. अमुक माणूस 'देफिनितिव्हमाँ' गेला, याचा अर्थ तो नक्की गेला असा नसून कायमचा गेला असा आहे. तुमच्याकडे नक्की येतो असे सांगण्याच्या भरात हा शब्द वापरलात, तर समोरचा तुमच्या मुक्कामाच्या तयारीला लागेल. मी स्वतः आता पत्र वाचताना '-माँ'ने संपणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढते आणि तिथे मराठी अर्थ घालून वाक्य पुन्हा वाचते. पाच मिनिटे जातात.

सरांवर अन्याय नको म्हणून हेही नोंदवते की, इंग्रजी आणि फ्रेंचमधले एकसारखे दिसणारे बहुसंख्य शब्द खरोखरच एका अर्थाचे आहेत, विशेषतः इंग्रजीत '-शन'ने संपणारे. तेथे इंग्रजीचा आधार जरूर घ्यावा. मराठी अर्थाचा उपायही ज्याचे मराठी इंग्रजीपेक्षा पक्के आहे त्यालाच लागू पडेल. शिवाय या सीमारेषा हलत असतात. 'रेआलिझे' म्हणजे मुळात 'प्रत्यक्षात आणणे', पण 'जाणीव होणे' हा इंग्रजी अर्थ आता फ्रेंच शब्दकोशांतही नोंदलेला असतो. कॅनडातल्या केबेक प्रांतात तर इंग्रजीच्या शेजारामुळे 'एव्हाँत्युएलमाँ' हा शब्द 'अखेरीस' या अर्थानेही कानावर पडतो. तिथले भाषातज्ज्ञ त्याला चूक म्हणतात, पण पत्र लिहिणारा कारकून भाषातज्ज्ञ नसतो. तेव्हा पत्र माँट्रियालहून आले असेल आणि त्यात हा शब्द असेल, तर शब्दकोश बाजूला ठेवून उलट टपाली एकच प्रश्न विचारावा: करारात कोणती तारीख लिहू?